गच्ची किती आणि उन्हातली गच्ची किती

इमारतीच्या गच्चीवर किती सौर पॅनल बसतील हे एकही जिना न चढता सांगायचे असेल, तर दोन गोष्टी हाताशी लागतात. एक म्हणजे इमारतीचा फूटप्रिंट, म्हणजे वरून पाहिल्यावर दिसणारी तिची बाह्यरेषा. दुसरी म्हणजे सरफेस मॉडेल, म्हणजे परिसरातल्या प्रत्येक ठिपक्याची उंची सांगणारा नकाशा. त्यात जमिनीबरोबर घरे, झाडे, टाक्या अशा वरून दिसणाऱ्या सगळ्या वस्तूंची उंची येते. फूटप्रिंट सांगतो की गच्ची कुठे संपते, आणि सरफेस मॉडेल सांगते की तिच्यावर आणि तिच्या आजूबाजूला काय उभे आहे. सूर्य कोणत्या वेळी कुठे असतो हे गणिताने नेमके काढता येते. हे तिन्ही एकत्र आले की सावली कागदावर उतरवता येते आणि उरलेली जागा मोजता येते.

फूटप्रिंट आता सहज मिळतात. ओपनस्ट्रीटमॅपवर स्वयंसेवकांनी हाताने काढलेले आहेत. गूगलने २०२१ मध्ये आफ्रिकेसाठी उपग्रहचित्रांवरून इमारतींच्या बाह्यरेषा काढून खुल्या केल्या आणि नंतर त्यांत दक्षिण आशियाची भर घातली. सरफेस मॉडेलचे मात्र तसे नाही. कार्टोसॅट-१ या २००५ साली सोडलेल्या भारतीय उपग्रहाच्या जोडचित्रांवरून तयार झालेले उंचीचे नकाशे ३० मीटरच्या चौकोनांत मिळतात. असा एक चौकोन ९०० चौरस मीटरचा होतो, म्हणजे पुण्यातल्या एखाद्या सोसायटीची अख्खी इमारत, तिचे पार्किंग आणि शेजारचे झाड त्यात मावते आणि त्या सगळ्यांची मिळून एकच उंची येते. डोंगर आणि दऱ्या समजायला हे पुरेसे आहे, गच्चीसाठी ते निरुपयोगी आहे. गच्चीच्या कामाला अर्ध्या मीटरचे, फार तर एक मीटरचे चौकोन लागतात. ते विमानातून लेसर किरण सोडून, म्हणजे लायडरने, किंवा ड्रोनने एकमेकांवर येणारी बरीच छायाचित्रे घेऊन मिळवावे लागतात.

पहिले पाऊल गच्चीची पातळी ठरवण्याचे. फूटप्रिंटच्या आत पडणाऱ्या सगळ्या चौकोनांच्या उंची घेतल्या आणि त्यांतली मधली उंची काढली, तर सपाट छताच्या इमारतीत ती बहुतेक वेळा स्लॅबचीच निघते, कारण सर्वांत जास्त जागा स्लॅबने व्यापलेली असते. तिच्यापेक्षा अर्धा मीटर किंवा जास्त वर असलेले चौकोन म्हणजे अडथळे: जिन्याची खोली, लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, सौर बंब. कौलारू छतात असे चालत नाही. तिथे उताराची दिशा आणि कोन मॉडेलमधूनच काढावे लागतात. शिवाय फूटप्रिंट हे छताचे आडवे क्षेत्र असते. २५ अंशांच्या उताराचे प्रत्यक्ष छत त्याच्या जवळजवळ १.१ पट भरते. पुढचे सगळे विवेचन सपाट गच्चीबद्दल आहे, कारण शहरातला मोठा भाग तोच आहे.

इथेच पहिली चूक घडते. उपग्रह सरळ वरून पाहत नसतो, बहुधा तिरका पाहतो. चित्र २० अंश तिरके घेतले असेल, तर १५ मीटर उंच इमारतीचे छत तिच्या पायापासून साधारण साडेपाच मीटर सरकलेले दिसते. चित्रावरून बाह्यरेषा काढणाऱ्याने छताची कड गिरवली असेल आणि सरफेस मॉडेल मात्र प्रत्येक गोष्ट जागच्या जागी दाखवत असेल, तर फूटप्रिंटचा एक काठ रस्त्यावर जातो आणि दुसऱ्या बाजूचे छत बाहेर राहते. ही चूक ओळखण्याची साधी युक्ती आहे. फूटप्रिंटच्या आतल्या उंचींचा आलेख काढायचा. रेषा नीट बसली असेल तर स्लॅबपाशी एकच उंच टेकडी दिसते आणि वर अडथळ्यांचा छोटा उंचवटा. जमिनीच्या पातळीवर दुसरी टेकडी दिसली, तर रेषा सरकलेली आहे. मग ती टेकडी नाहीशी होईपर्यंत रेषा ढकलून पाहायची. एका वसाहतीतल्या इमारती साधारण सारख्याच उंचीच्या असतील, तर त्या सगळ्या एकाच दिशेने सारख्याच सरकलेल्या असतात, त्यामुळे हे काम वाटते तितके किचकट नाही.

सावली काढण्याची रीत समजायला सोपी आहे. गच्चीवरच्या एका चौकोनावर उभे राहून सूर्याच्या दिशेने सरळ चालत जायचे. वाटेत येणाऱ्या प्रत्येक चौकोनाची उंची पाहायची. त्या अंतरावर सूर्यकिरण जितका वर असेल, त्यापेक्षा तो चौकोन उंच असेल तर किरण अडला आणि आपण सावलीत आहोत. असे प्रत्येक चौकोनासाठी, दर तासाला, वर्षातल्या निवडक दिवशी करायचे. खुल्या जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार साधने आहेत. ग्रासमधली `r.horizon` प्रत्येक चौकोनाभोवतीचे क्षितिज आधीच मोजून ठेवते आणि `r.sun` त्यावरून दिवसभराचे ऊन काढते. एक काळजी मात्र घ्यावी लागते. नकाशा इमारतीपाशी कापून घेतला तर शेजारचा टॉवर त्यातून गळतो. पुण्यात २१ डिसेंबरला सकाळी ९ वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे २९ अंश वर असतो आणि १ मीटर उंचीची सावली १.७९ मीटर लांब पडते. गच्चीपेक्षा ६० मीटर उंच टॉवर असेल, तर त्याची सावली १०७ मीटरवर पोहोचते. म्हणून इमारतीभोवती किमान दीडशे मीटरचा पट्टा नकाशात ठेवावा.

या ९ वाजण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. गणितातले ९ हे सूर्याचे ९ आहेत, घड्याळातले नव्हेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि पुणे ७३.८६ अंशांवर, म्हणून पुण्यात सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटे मागे चालतो. त्यात वर्षभर थोडा फरक पडत राहतो. २१ डिसेंबरला सूर्य डोक्यावरच्या रेषेवर येतो तेव्हा घड्याळात साडेबारा वाजून गेलेले असतात. गणितात घड्याळाची वेळ तशीच घातली तर सकाळ-संध्याकाळच्या सावल्या अर्ध्या तासाने चुकतात, आणि चुकतात त्याही एकाच बाजूला.

आता एक गच्ची हातात घेऊ. पुण्यातली चार मजली इमारत, पूर्व-पश्चिम लांब, बरोबर दिशांना समांतर. फूटप्रिंट २४.३ गुणिले १५.३ मीटर, म्हणजे ३७२ चौरस मीटर. भोवती १५ सेंटिमीटर जाडीचा, १ मीटर उंचीचा कठडा. तो वजा केल्यावर आत २४ गुणिले १५, म्हणजे ३६० चौरस मीटर उरतात. मधोमध नाही, पण मधल्या भागात जिन्याची खोली आहे, पूर्व-पश्चिम ५ मीटर आणि उत्तर-दक्षिण ४ मीटर. तिची दक्षिणेकडची भिंत दक्षिण कठड्यापासून ५ मीटरवर, पश्चिमेकडची भिंत पश्चिम कठड्यापासून १० मीटरवर. खोलीवर तेवढ्याच आकाराची काँक्रीटची टाकी, आणि दोन्ही मिळून उंची साडेचार मीटर.

पॅनल स्लॅबवर टेकत नाहीत. त्यांची खालची कड स्ट्रक्चरवर अर्धा मीटर उंच असते असे धरू. हा अर्धा मीटर हिशोबात घेतलाच पाहिजे. सावली स्लॅबवर कुठवर जाते याला इथे अर्थ नाही, पॅनलच्या पातळीवर कुठवर जाते ते महत्त्वाचे. त्या पातळीवरून जिन्याची खोली ४ मीटरच उंच आहे आणि कठडा अर्धा मीटर. स्लॅबची पातळी तशीच वापरून सावली काढली तर ती उगाच मोठी येते आणि वापरता येणारी जागा नाहक नाकारली जाते.

निकष नेहमीचाच ठेवू: २१ डिसेंबरला सूर्याच्या ९ ते ३ या वेळेत ज्या जागेवर सावली अजिबात येत नाही, ती उपयोगी. हा निकष इतका कडक असण्यामागे पॅनलची रचना आहे. पॅनलमधले सेल एकामागोमाग एक जोडलेले असतात, त्यामुळे सावलीतला एक सेल आपल्या रांगेतल्या बाकीच्यांचाही प्रवाह अडवतो. डायोड बसवून ही अडचण कमी केलेली असते. बहुतेक पॅनलमध्ये तसे तीन असतात. तरी पॅनलच्या दहाव्या भागावर सावली पडली म्हणजे वीजही दहाव्या भागानेच घटेल असे होत नाही. बऱ्याचदा तिसरा हिस्सा जातो.

२१ डिसेंबरला ९ वाजता खोलीची सावली वायव्येकडे जाते. ४ मीटर उंचीमागे ती ४.८ मीटर उत्तरेला आणि ५.३ मीटर पश्चिमेला सरकते. दुपारी ती सरळ उत्तरेला ३.६ मीटर असते, आणि ३ वाजता तेवढीच ईशान्येकडे. सहा तासांत ती जेवढ्या जागेवरून फिरली ती सगळी जागा एकत्र केली, तर पंख पसरलेल्या आकाराची आकृती तयार होते. खोलीसकट तिचे क्षेत्रफळ सुमारे १०९ चौरस मीटर भरते. खोली स्वतः फक्त २० चौरस मीटरची आहे. अडथळ्यांचे क्षेत्रफळ वजा करून गच्चीची उपयोगी जागा काढणाऱ्या हिशोबात किती मोठी चूक लपलेली असते, ते या दोन आकड्यांवरून दिसते. कठड्याची सावली त्या मानाने थोडी आहे. दक्षिणेला ०.६ मीटर आणि पूर्व-पश्चिमेला प्रत्येकी ०.६६ मीटर रुंदीची पट्टी जाते, मिळून साधारण ३३ चौरस मीटर. उत्तरेच्या कठड्याची सावली डिसेंबरात गच्चीवर पडतच नाही, पण तिथेही ०.६ मीटर जागा येण्याजाण्याला सोडावी लागते.

सावली वजा केल्यावर उरतात २१७ चौरस मीटर. पण चौरस मीटर आणि पॅनल या दोन गोष्टी एक नव्हेत. ५४० वॉटचे एक पॅनल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असते. ते दक्षिणेकडे १५ अंश कलते ठेवले तर मागची कड ०.५९ मीटर उचलली जाते आणि तिची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून ०.७ मीटर अंतर सोडावे लागते. म्हणजे एका रांगेला २.२ मीटर पॅनल आणि ०.७ मीटर मोकळे, असे २.९ मीटर लागतात. या मापाने गच्चीत दक्षिणेकडून उत्तरेकडे पाच रांगा बरोबर बसतात. पहिली रांग खोलीच्या दक्षिणेला असल्याने सलग आहे, तिच्यात १९ पॅनल. दुसरी खोलीपाशी तुटते, दोन्ही बाजू मिळून १३. तिसरी ७, चौथी आणि पाचवी प्रत्येकी ५. एकूण ४९.

पण इथे थांबलेला हिशोब पुण्यात चुकतो. सूर्य डिसेंबरात दक्षिणेला असतो म्हणून सावली उत्तरेकडे झुकते आणि खोलीच्या थेट पूर्वेची व पश्चिमेची जागा मोकळी वाटते. दुसऱ्या रांगेतली खोलीलगतची पॅनल त्याच जागेत आहेत. १८.५ अंश अक्षांशावरचे पुणे कर्कवृत्ताच्या आत आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. २१ जूनला सकाळी ९ वाजता खोलीची सावली जवळजवळ सरळ पश्चिमेला साडेतीन मीटर पडते आणि किंचित दक्षिणेकडे, मीटरभरापेक्षा कमी, उतरते. जूनमध्ये ढग असतात असे म्हणून हे सोडून देता आले असते, पण एप्रिल आणि मे या लख्ख उन्हाच्या महिन्यांतही सकाळी ती पश्चिमेलाच असते आणि पॅनलच्या वरच्या कडेवर बराच वेळ राहते. दुसऱ्या रांगेतली पश्चिमेची दोन आणि पूर्वेची दोन पॅनल यात सापडतात. ती काढली की ४५ उरतात, म्हणजे २४.३ किलोवॉट. त्यांचे क्षेत्रफळ ११६ चौरस मीटर, म्हणजे फूटप्रिंटच्या ३१ टक्के. नुसत्या फूटप्रिंटला पॅनलच्या क्षेत्रफळाने भागले असते तर १४४ पॅनल आणि ७८ किलोवॉट असे उत्तर आले असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१६ साली लायडरच्या आधारे १२८ शहरांतल्या छतांचा अंदाज काढला, तेव्हा सावली चार दिवसांची धरली: मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या २१ तारखांची, आणि दिवसाच्या दर तासाची. एकच दिवस धरून भागत नाही ही गोष्ट तिथेही हिशोबात घेतली होती. सपाट छतांवर रांगांमधल्या अंतरासाठी त्यांनी ७० टक्के जागाच पॅनलची धरली. वरच्या गच्चीत हे प्रमाण २.२८ भागिले २.९, म्हणजे ७९ टक्के येते, कारण इथे सूर्य जास्त उंच असतो आणि रांगा जवळ आणता येतात. दुसऱ्या अक्षांशाचे प्रमाण जसेच्या तसे उचलले तर उत्तर कमी येते.

स्ट्रक्चर उंच केले तर सावलीचे चित्र बदलते. महाराष्ट्रात बऱ्याच सोसायट्या पॅनल अडीच मीटरच्या वर बसवतात, खाली वाळवण घालता यावे आणि टाक्यांपर्यंत जाता यावे म्हणून. त्या पातळीवर कठड्याची सावली येतच नाही, आणि खोली फक्त २ मीटर वर उरते. तिने अडवलेली जागा १०९ वरून सुमारे ६० चौरस मीटरवर येते. वाऱ्याचा भार आणि लोखंडाचा खर्च वाढतो, पण जागेच्या हिशोबात हा फरक मोठा आहे. म्हणूनच पॅनल किती उंचीवर बसणार हे न विचारता केलेला अंदाज अर्धवट राहतो.

सगळ्यांत जास्त चुका मॉडेलच्या कडांवर होतात. कठडा १५ सेंटिमीटर जाडीचा आणि चौकोन अर्ध्या मीटरचा, त्यामुळे छायाचित्रांवरून बनवलेल्या मॉडेलमध्ये कठडा अर्धवट उंचीचा येतो किंवा स्लॅबमध्ये विरून जातो. त्यावर उपाय म्हणून फूटप्रिंटच्या कडेच्या चौकोनांची उंची हाताने स्लॅबपेक्षा १ मीटर वर उचलतात. टाकीचे तसे करता येत नाही, कारण ती आहे हे आधी कळायला हवे. छायाचित्रात टाकीच्या गुळगुळीत काळ्या पृष्ठभागावर जुळवायला खुणा सापडत नाहीत, आणि सॉफ्टवेअर कधी कधी ती सपाट करून टाकते. वरच्या उदाहरणात दीड मीटरची टाकी निसटली आणि खोली ३ मीटरच धरली गेली, तर अडलेली जागा १०९ ऐवजी ७० चौरस मीटरच्या आसपास येते. जवळजवळ ३८ चौरस मीटर जागा कागदावर उन्हात येते आणि प्रत्यक्षात सावलीत असते. मॉडेलमध्ये खोलीच्या भिंती उभ्या न दिसता उताराच्या दिसत असतील, तर मॉडेलने कडा घासून टाकल्या आहेत असे समजावे.

झाडाची अडचण वेगळी आहे. सरफेस मॉडेलमध्ये झाड म्हणजे जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरीव ठोकळा असतो. नारळासारख्या झाडाची खोडाच्या बाजूने येणारी तिरपी किरणे त्यात अडतात, प्रत्यक्षात ती निघून जातात. उलट रेन ट्रीसारखे पसरणारे झाड उड्डाण झाले तेव्हाच्या आकारात गोठते आणि पुढच्या पाच वर्षांत गच्चीवर येते. इमारतींचेही तसेच आहे. दक्षिणेकडचा तीन मजली बंगला पुनर्विकासात गेला की त्याच्या जागी अकरा मजले उभे राहतात, आणि पॅनलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरलेले असते. मॉडेल कोणत्या महिन्यातल्या, कोणत्या वर्षातल्या उड्डाणाचे आहे हे अंदाजाबरोबर लिहिणे म्हणूनच आवश्यक असते.

अंदाज बरोबर आला की नाही हे पाहायला गच्चीवर जाऊन खडूने रेघ मारणे पुरते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात घड्याळात ९ वाजून ३३ मिनिटे झाली, म्हणजे सूर्याचे ९, की खोलीच्या वायव्य कोपऱ्यापासून सावलीच्या टोकापर्यंत टेप धरायचा. साडेचार मीटर उंचीची सावली स्लॅबवर ८.०३ मीटर भरली पाहिजे. टेपवर साडेसात आले तर खोली ४.२ मीटरचीच आहे आणि मॉडेल ती ३० सेंटिमीटर जास्त दाखवते आहे. सावलीचे टोक बरोबर लांबीचे पण ठरल्या दिशेपासून चार-पाच अंश फिरलेले असेल, तर उंची बरोबर आहे आणि फूटप्रिंटची दिशा चुकलेली आहे. टोक अस्पष्ट असते, कारण सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. दहा-पंधरा सेंटिमीटरच्या फिकट पट्ट्याचा मध्य पकडून मोजायचे.